दोन्हीवर ‘५’ लिहिलेलं, तरी दोन्ही बॉल चुकले: सेलूतल्या एका घराचं प्रकरण

आमच्या गल्लीतल्या एका घरात दोन लेकरं आहेत. थोरला ओम तेरा वर्षांचा, आठवीत आहे आणि शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळतो. धाकटी आर्या नऊ वर्षांची, चौथीत, तिला फुटबॉलचं वेड. जूनमध्ये शाळा सुरू होताना त्यांचे मामा बाबुराव छत्रपती संभाजीनगरहून रेल्वेनं आले ते दोन बॉल घेऊनच. एक फुटबॉल, एक बास्केटबॉल. दुकानदारानं नंबर विचारला तेव्हा मामांनी विचार केला की दोघांना सारखाच घेतलेला बरा, म्हणजे भांडण नको. दोन्ही बॉलांवर ‘५’ छापलेलं होतं.

पंधरवड्यात तक्रारी सुरू झाल्या. आर्याला बॉल नीट अडवता येईना, ती प्रत्येक वेळी टोच्यानंच मारू लागली आणि रोज संध्याकाळी अंगठा दुखतोय म्हणून बसू लागली. ओमची गोष्ट उलटी होती. घरी अंगणात सगळं झकास, आणि शाळेत गेला की बॉल रिंगच्या अलीकडेच पडायचा. बाबुरावांना वाटलं की पोरगी नाजूक आहे आणि पोरगा मैदानावर घाबरतो. मी क्रीडाशिक्षक, म्हणून त्यांनी मला बोलावलं. “सर, दोन्हीवर पाचच लिहिलंय की हो. मग एकीला मोठा आन् एकाला लहान कसा व्हायलाय?”

त्यांनी प्रश्न अगदी नेमका विचारला होता. उत्तर असं की फुटबॉलचा नंबर आणि बास्केटबॉलचा नंबर या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एकीवरचा पाच दुसरीवर लावता येत नाही. गंमत म्हणजे दोन्ही पाच नंबरचे बॉल घेरानं जवळजवळ सारखेच निघतात. पाच नंबरच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, पाच नंबरच्या बास्केटबॉलचा ६९ ते ७१. शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना फरक कळणार नाही. पण फुटबॉलमध्ये पाच हा मोठ्या माणसांचा, विश्वचषकाच्या सामन्यातला बॉल आहे आणि बास्केटबॉलमध्ये पाच हा बारा वर्षांच्या आतल्या मुलांचा मिनी बॉल आहे. फुटबॉलची शिडी पाचवर संपते, बास्केटबॉलची सातवर. म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीला मोठ्यांचा बॉल मिळाला होता आणि तेरा वर्षांच्या पोराला लहानांचा.

तरीही आधी मोजायचं, मग बोलायचं, हा माझा शिरस्ता आहे, कारण छापलेला नंबर आणि खरा घेर यांत तफावत निघते. विशेषतः दोन-अडीचशे रुपयांच्या बॉलमध्ये.

ताईंच्या, म्हणजे लेकरांच्या आईच्या, शिलाई मशीनच्या खणातला टेप आणला. शिंप्याचा टेप या कामाला उत्तम, कारण तो बॉलवर बसतो. धातूचा टेप बसत नाही. फक्त टेपचं पहिलं टोक झिजलेलं किंवा पत्रा निघालेलं असेल तर शून्यापासून न मोजता दहापासून मोजावं आणि शेवटी दहा वजा करावेत. टेप नसेल तर सुतळीचा तुकडा गुंडाळून, खूण करून, शाळेच्या पट्टीवर सरळ ठेवून मोजला तरी चालतं. मात्र गुंडाळताना सुतळी ओढून ताणू नये. ती ताणली जाते आणि घेर कमी दिसतो.

मोजताना सगळ्यात जास्त चुकतं ते एका जागी. टेप बॉलच्या बरोब्बर मध्यावरून, पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावरून जायला हवा. तो दोन सेंटिमीटर वर सरकला तर पाच नंबरच्या फुटबॉलचा घेर सेंटिमीटरभर कमी भरतो. चार नंबरची वरची मर्यादा आणि पाच नंबरची खालची मर्यादा यांत फक्त दोन सेंटिमीटरचं अंतर असल्यामुळे एवढ्या चुकीनं गोंधळ उडायला वेळ लागत नाही. यावर उपाय सोपा आहे. एकानं बॉल धरायचा, दुसऱ्यानं टेप सैलसर गुंडाळून थोडा वर-खाली सरकवायचा आणि जो आकडा सगळ्यात मोठा येईल तो घ्यायचा. नंतर बॉल फिरवून दुसऱ्या दिशेनं, मग तिसऱ्या दिशेनं तसंच करायचं. तिन्ही आकडे पाच-सात मिलिमीटरच्या आत असतील तर बॉल गोल आहे. त्याहून जास्त फरक असेल तर बॉल अंडाकृती झालेला आहे आणि त्याला कुठलाच नंबर लावू नये.

काही जण भिंत आणि खोका यांच्या मधे बॉल ठेवून पट्टीनं व्यास मोजतात आणि ३.१४ नं गुणतात. गणित बरोबर आहे, पण व्यासात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली की घेरात दीड सेंटिमीटरहून जास्त चूक येते. म्हणून मी सरळ घेरच मोजतो.

आर्याचा फुटबॉल पहिल्यांदा भरला ६७.२ सेंटिमीटर. हा आकडा कुठल्याच नंबरात बसत नाही. चार नंबरची वरची मर्यादा ६६, पाच नंबरची खालची ६८. असा मधलाच आकडा आला की नव्वद टक्के वेळा हवा कमी असते. अंगठ्यानं दाबलं तर बॉल सहज आत जात होता. सुईला थुंकी न लावता पाण्याचा थेंब लावून पंपानं हवा भरली. मोठ्यांच्या फुटबॉलला नियमात ०.६ ते १.१ वातावरणाचा दाब सांगितला आहे. पंपावर पीएसआय लिहिलेलं असतं, त्या हिशोबानं साधारण साडेआठ ते साडेपंधरा. हा पट्टा बराच रुंद आहे. लहान मुलांसाठी मी खालच्या बाजूला, नऊच्या आसपास ठेवतो. बॉलवर तोंडाशी दाब छापलेला असेल तर मात्र तोच पाळावा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर बॉल भरायला देऊ नका. तिथं मोटारसायकलच्या टायरच्या अंदाजानं हवा सोडतात आणि शिवण उसवते किंवा आतला ब्लॅडर जातो. हवा भरल्यावर घेर आला ६८.९. म्हणजे अस्सल पाच नंबर, दुकानदारानं फसवलेलं नव्हतं. हे सगळं सकाळी, ओसरीत, सावलीत केलं. उन्हात तापलेल्या बॉलमध्ये दाब वाढतो आणि अंदाज चुकतो.

बास्केटबॉलवर पाचच्या शेजारी २७.५ असंही छापलेलं होतं. हे इंच आहेत. २.५४ नं गुणलं की ६९.८५ सेंटिमीटर होतात. टेपवर ७०.१ भरला. बास्केटबॉल घेताना हे इंचातले आकडे लक्षात ठेवले की पुरतं. पाच नंबर साडेसत्तावीस, सहा नंबर साडेअठ्ठावीस, सात नंबर साडेएकोणतीस. नंबर पुसट झाला असेल, नुसते इंच राहिले असतील, तरी बॉल ओळखता येतो.

मग दोन्ही बॉल किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. फुटबॉल ४३५ ग्रॅम, बास्केटबॉल ४८५. नियमाप्रमाणे पाच नंबरचा फुटबॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा आणि मिनी बास्केटबॉल ४७० ते ५०० ग्रॅमचा असतो. दोन्ही ठीक होते.

म्हणजे बॉल चांगले होते, लेकरंही चांगली होती. जोडी चुकली होती.

आता आर्याचं पाहू. फुटबॉलमध्ये साधारण असं धरतात की आठच्या आतल्यांना तीन नंबर, आठ ते बाराला चार, आणि बारा-तेरापासून पुढे पाच. तीन नंबरचा घेर ५८ ते ६१ सेंटिमीटर, चार नंबरचा ६३.५ ते ६६. वजनात तीन नंबर तीनशे ग्रॅमच्या थोडा वर, चार नंबर ३५० ते ३९०. हे वयाचे पट्टे कुणी दगडावर कोरलेले नाहीत. फुटबॉलच्या नियमपुस्तकात लहान मुलांसाठी बॉलचा आकार आणि वजन बदलायची मुभा आहे आणि प्रत्येक संघटना आपापल्या वयोगटाला बॉल ठरवून देते. म्हणून स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या स्पर्धेच्या परिपत्रकात जो नंबर असेल तोच खरा.

पाच आणि चारच्या घेरात चार-साडेचार सेंटिमीटरचा फरक आहे. उंचीत, म्हणजे बॉल जमिनीवर ठेवला तर, तो अवघा दीड सेंटिमीटर दिसतो. बाबुराव म्हणालेही, “एवढ्यानं काय व्हतंय?” मी आर्याला उभं केलं आणि बॉलवर तळपाय ठेवायला सांगितला. टाच जमिनीजवळ आणि चवडा बॉलवर, बॉल असा अडवतात. पाच नंबरवर चवडा ठेवायला तिला गुडघा इतका उचलावा लागत होता की दुसऱ्या पायावरचा तोल जात होता. मग ती काय करायची, अडवायचंच सोडून द्यायची आणि येणाऱ्या बॉलला टोचा हाणायची. पायाच्या आतल्या बाजूनं पास द्यायला गेली की बॉल तिच्या पावलापेक्षा जड पडायचा आणि घोटा मागे वळायचा. त्यापेक्षा टोचा सोपा, कारण त्यात सगळ्या पायाचा जोर मिळतो. म्हणून अंगठा दुखत होता. मोठा बॉल दिला की मूल कमजोर खेळतं एवढंच होत नाही. ते बॉलच्या आकारावर मात करणारी वेगळी लकब शिकतं आणि ती पुढं दोन-दोन वर्षं सुटत नाही. माझ्या मैदानावर टोच्यानं मारणारी जी पोरं येतात, त्यांतली बरीच थोरल्या भावाच्या बॉलवर शिकलेली असतात.

वजनाचंही तसंच. तिच्या बॉलचे ४३५ आणि चार नंबरचे साधारण ३७० यांत पासष्ट ग्रॅमचा फरक, म्हणजे चार नंबरच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त. त्यात पावसाळ्यात आमची काळी माती बॉलला लपेटते आणि शिवणीत भरते. मैदान ओलं असेल तर कोरड्या काट्यावरचं वजन विसरून जावं आणि पोरांना बॉल पुसायला फडकं द्यावं.

आर्या नऊ वर्षांची, अंगानं सडपातळ, पण वयाच्या मानानं उंच. तिला चार नंबर ठरवला. तीनचा विचार मनात येऊन गेला, कारण ती अजून आठ ते बाराच्या पट्ट्यात नुकतीच शिरलेली आहे. पण शेजारच्या पोराचा चार नंबरचा बॉल मागून आणला, तर तिचा चवडा तोल न जाता त्यावर बसला आणि दहा पावलांवरून आतल्या बाजूनं दिलेला पास भिंतीपर्यंत सरळ गेला. ही चाचणी मला वयाच्या तक्त्याहून जास्त विश्वासाची वाटते. हे जमलं नसतं तर तीन घेतला असता आणि वर्षभरानं चार.

ओमच्या बाबतीत ठरवणं अवघड होतं. बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांच्या आतल्या मिनी गटाला पाच नंबर, पुढं मोठ्या मुलींना आणि बायकांना सहा, मोठ्या मुलांना आणि पुरुषांना सात. बारा ते चौदाच्या मधल्या मुलांना काही ठिकाणी सहा देतात. सहाचं वजन ५१० ते ५५० ग्रॅम, सातचं ५८० ते ६२०. ओमच्या शाळेच्या कपाटात सगळे बॉल सातचे, कारण वरच्या वर्गातली मुलं तेच वापरतात.

त्याचं रहस्य इथं होतं. घरी ४८५ ग्रॅमचा बॉल आणि शाळेत सहाशेच्या आसपासचा. जवळजवळ एकशेपंधरा ग्रॅमचा फरक. शूटमध्ये हात किती जोरानं लांबवायचा हे डोकं मोजत नाही, रोजच्या सरावानं ते हाताला बसतं. घरच्या हलक्या बॉलवर हाताला जो जोर बसला होता, तोच जोर शाळेच्या जड बॉलला लागत होता आणि बॉल बरोबर तेवढाच आखूड पडत होता. पोरगा घाबरत असता तर शॉट इकडं-तिकडं, डावी-उजवीकडे गेले असते. त्याचे सगळे शॉट दिशेला अचूक आणि सारखेच आखूड होते. असं दिसलं की बॉलकडं बघावं.

शिवाय घरचा बॉल लहान असल्यामुळे त्याचा तळवा बॉलला पूर्ण टेकत होता. बास्केटबॉल बोटांवर आणि तळव्याच्या कडेवर धरायचा असतो, तळव्याच्या मधोमध थोडी पोकळी राहायला हवी. पाच नंबर त्याच्या पंजात मावत होता, म्हणून ही पोकळी उरतच नव्हती.

मग सरळ सातच घ्यावा का? बाबुरावांचा तसाच हट्ट होता. “पुढं सातच लागणार, मग मधी सहाचा खर्च कशाला?” खर्चाचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. म्हणून आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. फ्री थ्रोची रेघ, रिंगच्या फळ्यापासून ४.६ मीटर, रिंग ३.०५ मीटर उंच. ओमला सांगितलं की बॉल आत गेला की नाही ते बघायचं नाही, आम्ही फक्त तुझे हात बघणार आहोत. सात नंबरचा बॉल हातात घेतल्यावर पहिले तीन-चार शॉट कपाळासमोरून सुटले. मग थकवा आला तसा बॉल खाली खाली यायला लागला, आधी छातीशी, मग कमरेजवळ, आणि शेवटी तो दोन्ही हातांनी पोटापासून बॉल उधळायला लागला. आमच्या विहिरीवर पूर्वी पोहऱ्यानं पाणी शेंदताना अंग जसं मागं झुकायचं, तसं. हात कमरेजवळून सुरू होत असेल तर बॉल त्या अंगाला जड आहे, मग वय काहीही असो. त्याच्या सरांकडे मुलींच्या संघाचे सहा नंबरचे बॉल होते. तो दिल्यावर सगळे शॉट कपाळासमोरून सुटले, कोपर आत राहिला आणि निम्म्याहून जास्त आतही गेले. सहा ठरला.

पण शाळेत सातच मिळणार आहे, त्याचं काय? त्याच्या सरांशी बोललो. त्यांनी मुलींचा एक बॉल त्याच्यासारख्या लहान चणीच्या पोरांना सरावाला द्यायचं कबूल केलं. स्पर्धा जवळ आली की शेवटचे काही दिवस तो सातवर खेळेल. दोन्ही बॉलांमध्ये सत्तर ग्रॅमचा फरक राहतो, पण एकशेपंधरापेक्षा तो बराच बरा. हा तोडगा मला पूर्ण पसंत नाही. एकाच नंबरवर सराव झाला असता तर बरं. पण कपाटात जे आहे त्यात काम चालवावं लागतं.

आता नवे बॉल. यातही एक घोळ झालाच. ताईंनी परभणीला कामासाठी गेलेल्या शेजाऱ्याकडून चार नंबरचा फुटबॉल मागवला. सुंदर चकचकीत, चार छापलेला. टेपवर ६३.१ भरला. म्हणजे खालच्या मर्यादेच्याही थोडा खाली, हवा भरलेली असूनही. काट्यावर ठेवला तर ४२० ग्रॅम. घेर चारचा आणि वजन पाचचं, असं का? ओसरीच्या शहाबादी फरशीवर डोक्याच्या थोडं वरून सोडला, तर गुडघ्यापर्यंत येऊन ठप्प. तेव्हा उलगडा झाला. तो फुटसालचा बॉल होता. फुटसाल म्हणजे बंदिस्त हॉलमध्ये, कडक फरशीवर पाच-पाच जणांत खेळतात तो खेळ. त्याचा बॉल मुद्दाम कमी उसळणारा करतात. घेर ६२ ते ६४, वजन ४०० ते ४४०, आणि दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी फक्त ५० ते ६५ सेंटिमीटर. मोठ्या माणसांच्या हॉलमधल्या खेळासाठी तो अगदी योग्य. नऊ वर्षांच्या मुलीला मैदानावर तो पाच नंबरइतकाच त्रास देणार, फक्त दिसायला लहान.

नुसत्या घेरावर बॉल निवडायची मर्यादा इथं येते. घेर पहिली चाळणी आहे, पण ती एकटी पुरत नाही. घेर बरोबर आला की वजन, आणि वजन बरोबर आलं की एकदा फरशीवर टाकून उसळी. फुटबॉल डोक्याएवढ्या उंचीवरून कडक फरशीवर सोडला तर तो कमरेच्या जवळपास तरी वर यायला हवा. दुकानात काटा नसेल तर शेजारच्या किराण्यात असतो. त्यासाठी लाजायचं कारण नाही. वापरलेला नव्हता म्हणून दुकानदारानं तो बॉल बदलून दिला. दुसऱ्या चार नंबरचा घेर ६४.८, वजन ३६५ आला.

ओमचा बास्केटबॉल घेताना मी स्वतः गेलो होतो. सहा छापलेल्या दोन बॉलांपैकी एक टेपवर ७२.३ भरला, दुसरा ७४. सहा नंबरचा घेर ७१.५ ते ७३ हवा. दुसरा बॉल स्वस्त रबराचा होता, गाळ्यात दिवसभर हवा भरून टांगलेला. असलं रबर ताणलं की परत येत नाही. पहिला घेतला.

जुन्या दोन बॉलांचं काय करायचं, हा बाबुरावांचा शेवटचा प्रश्न होता, आणि यातच सगळ्या गोंधळाची मजा आहे. पाच नंबरचा फुटबॉल तेरा वर्षांच्या ओमला अगदी बरोबर आहे. पाच नंबरचा बास्केटबॉल नऊ वर्षांच्या आर्याला अगदी बरोबर आहे. मामांनी बॉल उलटे वाटले असते तर एकही मोज चुकली नसती, फक्त लेकरांना खेळ बदलावे लागले असते. ओम आता रविवारी गल्लीतल्या पोरांबरोबर त्या फुटबॉलवर खेळतो. आर्यानं बास्केटबॉलला अजून हात लावलेला नाही. तिला तो लावायचा असेल तर रिंगही खाली हवी. मिनी बास्केटबॉलची रिंग २.६ मीटरवर असते आणि शाळेतली ३.०५ वर. बॉल बरोबर पण रिंग मोठ्यांची असेल तर तीही पोटापासूनच बॉल उधळायला शिकेल.

ताईंना एवढंच सांगून ठेवलं आहे की दर दोन-तीन महिन्यांनी टेप लावा. आर्याचा चार नंबर पुढच्या दोन-तीन वर्षांत बदलावा लागणार नाही, पण स्वस्त फुटबॉल वापरून वापरून फुगत जातो. घेर ६६ च्या वर गेला तर वर चार लिहिलेलं असलं तरी तो चार राहिलेला नसतो. ओमला मात्र सहामाहीनंतर पुन्हा त्याच रेघेवर उभा करून सात नंबरचे दहा शॉट मारून घ्यायचे. दहावा शॉट कपाळासमोरून सुटला की सात विकत घ्यायचा.